आउटलुकमध्ये मेलवरून केलेले टास्क फोनवर येत नाहीत

प्रश्न: ऑफिसात डेस्कटॉपवर जुनं आउटलुक आहे, मेल कंपनीच्या नावाचा पण गूगलवरचा, आयमॅपने जोडलेला. महत्त्वाचा मेल आला की मी तो ओढून टास्कवर टाकतो, घाई असेल तर नुसता लाल झेंडा लावतो. डेस्कटॉपवर To-Do List मध्ये सगळं व्यवस्थित दिसतं. फोनवर मायक्रोसॉफ्टचं टू डू ॲप घेतलं, माझ्या जुन्या हॉटमेलने लॉगिन केलं, तर आत काहीच नाही. सिंक कुठून चालू करायचा? की अकाउंट काढून परत घालू?

उत्तर: आधी शेवटच्या वाक्याबद्दल. अकाउंट काढू नका. बाकीचं उत्तर नंतर वाचलंत तरी चालेल पण हे आत्ता वाचा. तुम्ही आयमॅप अकाउंट काढायला गेलात की आउटलुक एक सूचना देतं की या अकाउंटचा ऑफलाइन साठवलेला मजकूर पुसला जाईल. आपण सगळे ती न वाचता Yes दाबतो, कारण मेल तर सर्व्हरवर आहेत, परत उतरतील. मेल उतरतातच, प्रश्न टास्कचा आहे. तुमचे टास्क सर्व्हरवर कधी गेलेलेच नाहीत, ते त्याच ऑफलाइन फाइलीत आहेत, आणि ती फाइल गेली की त्यांच्याबरोबर तारखा, तुम्ही लिहिलेल्या टिपा सगळं जातं. मस्जिद बंदरला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात मी अधूनमधून कॉम्प्युटरचं काम बघतो, तिथल्या एका मुलाने हे माझ्या आधीच करून ठेवलं होतं. मेल सगळे परत आले, पण कुठल्या कंटेनरची डिलिव्हरी ऑर्डर कधी संपतेय ते त्याने टास्कमध्ये लिहून ठेवलेलं, ते गेलं. मग दोन दिवस शिपिंग लाइनचे मेल एकेक उघडून तारखा परत काढत बसला.

आता मूळ मुद्दा. तुम्ही सिंकचं बटण शोधताय, पण तुमच्या सेटअपमध्ये ते बटणच नाहीये. बिघाडही काही नाही. डेस्कटॉपवरचे टास्क एका जागी राहतात, फोनचं ॲप दुसऱ्याच जागी बघतंय, आणि या दोन जागांचा एकमेकींशी संबंधच कधी जोडलेला नाही. त्यामुळे तुमचा एकेक टास्क नक्की कुठल्या फोल्डरमध्ये ठेवला जातोय ते आधी बघायचं. हे कळलं की उरलेलं काम अर्ध्या तासाचं आहे.

To-Do List मध्ये सगळं एकत्र दिसतं तिथेच माणूस फसतो. ती यादी म्हणजे दादरच्या पुलावरचा इंडिकेटर समजा, वेस्टर्नची गाडी पण दिसते सेंट्रलची पण दिसते, म्हणून दोन्ही गाड्या एकाच प्लॅटफॉर्मवर लागत नाहीत. To-Do List हा फोल्डर नाही, नुसता देखावा आहे. तुम्ही ओढून केलेले टास्क, झेंडा लावलेले मेल, अजून कुठल्या अकाउंटचे टास्क असतील तर ते, असं सगळं गोळा करून ते दाखवतं. प्रत्येक गोष्ट राहते मात्र आपापल्या फोल्डरमध्येच.

म्हणून पहिलं काम हे करा. Ctrl+4 दाबून टास्कच्या पानावर या, To-Do List निवडा, वर View मध्ये Add Columns आहे तिथून In Folder नावाचा कॉलम घाला. आता प्रत्येक ओळीसमोर तिचा पत्ता दिसेल. माझा अंदाज आहे की तुम्हाला दोनच प्रकार दिसतील, काही ओळींपुढे Inbox आणि काहींपुढे Tasks, ज्याच्या नावालाच This computer only असं चिकटलेलं असेल. आउटलुक २०१३ पासून आयमॅप अकाउंटला कॅलेंडर, कॉन्टॅक्ट आणि टास्क या तिन्हीसाठी असे फोल्डर मिळतात आणि त्यांच्या नावात लिहिलंय ते शब्दशः खरं आहे, फक्त याच कॉम्प्युटरवर. (पॉप अकाउंट असेल तर हे नाव दिसत नाही, नुसतं Tasks दिसतं, पण ते पण तुमच्याच हार्डडिस्कवरच्या पीएसटी फाइलीत असतं, म्हणजे गत तीच.)

असं का, तर आयमॅप हा मेल वाचायचा प्रोटोकॉल आहे, त्यात टास्क नावाची वस्तूच नाही. एखाद्या मेलला झेंडा लावला तर आयमॅप सर्व्हरला फार तर एवढंच सांगू शकतो:

```
a1 STORE 412 +FLAGS (\Flagged)
```

म्हणजे ४१२ नंबरच्या मेलला झेंडा आहे. हो किंवा नाही, बस. कधीपर्यंत, आठवण किती वाजता, काम झालं का अर्धं राहिलं, यातलं काहीच या ओळीत बसत नाही. जीमेल हा झेंडा स्वतःकडे तारा म्हणून दाखवतं. तर तुमचे झेंडेवाले मेल फोनवर येत नाहीत असं नाहीये, ते येतायत, फक्त तुम्ही चुकीच्या ॲपमध्ये शोधताय. फोनवर जीमेल ॲप उघडून Starred मध्ये जा, तिथे सापडतील. तारीख मात्र सोबत येणार नाही.

आणि टू डू ॲप? ते तुमच्या हॉटमेलच्या मेलबॉक्समधला टास्कचा फोल्डर दाखवतं. तिथे तुम्ही कधी काही ठेवलंच नाही म्हणून रिकामं आहे, ते बिचारं खरंच सांगतंय. ॲपमध्ये Flagged email नावाची यादी चालू करता येते म्हणून लोक तिच्यावर आशा ठेवतात, पण ती ज्या अकाउंटने लॉगिन केलंय त्याच मायक्रोसॉफ्टच्या मेलबॉक्समधले झेंडे घेते. तुमचा मेल गूगलवर, मग तिला तो दिसायचा कसा.

आता उपाय. इथे परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे, आणि तुमचा मालक किंवा आयटीवाला काय म्हणतो त्यावरही. मेल ओढून टास्क केला की मेलचा अख्खा मजकूर टास्कच्या पोटात कॉपी होतो. म्हणजे क्लायंटचे भाव, इन्व्हॉइस, जे काय असेल ते तुमच्या खासगी हॉटमेलमध्ये जाऊन बसणार. छोट्या ऑफिसात कोणी विचारत नाही हे खरंय पण नंतर वाद नको, एकदा विचारून घ्या. मी स्वतः टास्क केल्यावर खालचा मजकूर पुसतो आणि विषय, तारीख, आणि मेल शोधायला एक रेफरन्स नंबर एवढंच ठेवतो. फोनवर तसंही तीन पानी मेल टास्कमध्ये कोण वाचतंय.

परवानगी मिळाली असं धरून पुढे जातो. पद्धत अशी की जे हॉटमेल फोनवर आहे तेच डेस्कटॉपच्या आउटलुकमध्येही घालायचं आणि टास्क त्याच्या फोल्डरमध्ये न्यायचे.

सुरुवात बॅकअपने. File > Open & Export > Import/Export मध्ये जा, Export to a file, मग Outlook Data File (.pst), आणि फोल्डर विचारेल तिथे तो This computer only वाला Tasks निवडा. फाइल पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवा. आणि ठेवून विसरू नका, Open Outlook Data File ने ती एकदा उघडून आत टास्क आहेत ना हे डोळ्यांनी बघा, मी रिकामे बॅकअप खूप पाहिलेत.

मग File > Add Account ने हॉटमेल घाला. इथे एक अडचण येऊ शकते, आउटलुक फार जुनं असेल तर ते पासवर्ड सारखा विचारत राहतं आणि बरोबर पासवर्ड दिला तरी घेत नाही. मायक्रोसॉफ्टने १६ सप्टेंबर २०२४ पासून खासगी अकाउंटसाठी नुसत्या युजरनेम-पासवर्डची जुनी पद्धत बंद केली, त्यामुळे ज्या आवृत्तीला नवीन साइन-इन येत नाही ती दारातच अडकते. तसं झालं तर पासवर्ड बदलत बसू नका, त्याने काही होणार नाही, आउटलुक अपडेट करावं लागेल किंवा खाली दिलेला गूगलचा रस्ता धरा.

अकाउंट बसलं की टास्कच्या पानावर डावीकडे हॉटमेलच्या नावाचा Tasks दिसेल. आता लगेच सगळं उचलून टाकायची घाई करू नका. त्या फोल्डरवर क्लिक करा, Ctrl+N ने नवा टास्क करा, नाव द्या "चाचणी १०:४०" किंवा घड्याळात जे वाजलं असेल ते, सेव्ह करा. मग ब्राउझरमध्ये to-do.microsoft.com वर हॉटमेलनेच लॉगिन करून बघा आणि शेवटी फोन बघा. या क्रमाचं कारण आहे, वेबसाइट म्हणजे मधलं स्टेशन. चाचणी तिथे दिसली नाही तर डेस्कटॉपकडून वर गेलेलीच नाही, मग फोनला हात लावायचं कारणच नाही. Send/Receive टॅबवर Work Offline दाबलेलं राहिलंय का, खालच्या पट्टीत Connected म्हणतंय का, ते बघायचं. वेबवर दिसली आणि फोनवर नाही, तर डेस्कटॉप सुटला, मग फोनवर कुठल्या अकाउंटने आत आहात ते तपासा. ॲप उघडून यादी खाली ओढली की ते ताजं होतं, आणि फोनच्या बॅटरी सेव्हरने ॲपला मागे झोपवलं असेल तर फक्त उघडल्यावरच नवीन येईल, तोही प्रकार असतो.

अकाउंट तपासताना एक भानगड लक्षात ठेवा. एकाच ईमेल पत्त्यावर दोन वेगळी मायक्रोसॉफ्ट अकाउंटं असू शकतात, एक खासगी आणि एक ऑफिसचं, आणि लॉगिन करताना ते विचारतं की यातलं कुठलं. पत्ता तोच, पासवर्ड पण कधी कधी लोकांनी तोच ठेवलेला असतो, पण आतलं घर वेगळं. तुमचं साधं हॉटमेल आहे त्यामुळे तुम्हाला बहुतेक हा त्रास नाही, पण ज्यांनी ऑफिसच्या पत्त्यावर कधीतरी खासगी अकाउंट उघडलं त्यांना हमखास होतो.

चाचणी फोनवर पोचली की मग खरे टास्क हलवा. This computer only वाल्या Tasks मध्ये जा, आधी दोनच निवडा, Ctrl+Shift+V दाबा, हॉटमेलचा Tasks निवडा. दोन्ही फोनवर आले की उरलेले Ctrl+A करून एकदम न्या.

आता पुढचे टास्क कुठे जाणार हे ठरवायचं, कारण तुम्ही मेल खालच्या टास्कच्या चिन्हावर ओढता तेव्हा तो डीफॉल्ट डेटा फाइलीच्या Tasks मध्ये जातो आणि ती अजून जुनीच आहे. सरळ मार्ग म्हणजे File > Account Settings > Account Settings, मग Data Files टॅब, हॉटमेलची ओळ निवडून Set as Default, आणि आउटलुक बंद करून चालू. पण याचा परिणाम फक्त टास्कवर होत नाही, नवीन अपॉइंटमेंट आणि कॉन्टॅक्टसुद्धा त्यानंतर हॉटमेलमध्ये जायला लागतील. एखादा नवीन मेल लिहायला उघडून From मध्ये ऑफिसचाच पत्ता आहे ना ते पण बघून घ्या, नाहीतर क्लायंटला कॉलेजच्या काळातल्या हॉटमेलवरून कोटेशन जायचं.

तुम्ही कॅलेंडर डेस्कटॉपवर बरंच वापरत असाल तर मी डीफॉल्ट बदलू नका म्हणेन. त्याऐवजी Ctrl+6 ने सगळ्या फोल्डरांची यादी उघडी ठेवा आणि मेल थेट हॉटमेलच्या Tasks फोल्डरवर ओढा, तिथे टाकला तरी टास्कच तयार होतो. हात वळायला आठवडा लागतो, पण बाकी काही हलत नाही. ओढताना माउसचं उजवं बटण वापरलंत तर ते विचारतं की मजकुरासह टास्क हवा की मेल जोडून, आणि त्यात Move ने सुरू होणारा एक पर्याय असतो, तो निवडला तर मूळ मेल इनबॉक्समधून जातो. आयमॅपवर याचा अर्थ तो फोनच्या इनबॉक्समधूनही जातो. तो पर्याय टाळा.

मस्जिद बंदरच्या त्याच ऑफिसात नंतर दुसऱ्या मशीनवर मी हे सगळं केलं तेव्हाचे आकडे सांगतो, कारण तुम्हालाही हाच घोळ वाटणार आहे. To-Do List मध्ये ३१ ओळी होत्या. टास्क हलवले, मी निघालो, सँडहर्स्ट रोडला पोचतोय तोवर फोन, "सर, बारा गायब आहेत, फोनवर एकोणीसच आलेत." गायब काही नव्हते. In Folder बघितल्यावर ३१ पैकी १९ खरे टास्क होते आणि १२ झेंडा लावलेले मेल, जे अजून गूगलच्या इनबॉक्समध्येच होते आणि फोनच्या जीमेलमध्ये ताऱ्यासकट दिसत होते. त्या १२ मधले ७ असे होते ज्यांना खरोखर तारीख होती, फ्री डेज कधी संपतात, कोणाला पेमेंट कधी, ते ७ ओढून टास्क केले आणि त्यांचे झेंडे काढले. उरलेले ५ नुसते "परत वाचायचंय" असे होते, ते ताऱ्यावरच सोडले. फोनवर शेवटी २६ टास्क आणि ५ तारे, जुळलं. तेव्हापासून तिथे नियम असाच आहे, तारीख असेल तर टास्क, नसेल तर झेंडा. तुम्हीही तुमचे असे मोजा, बेरीज लागली की मनातली शंका जाते.

एक तक्रार त्याने नंतर केली ती बरोबर होती. डेस्कटॉपवर काही टास्कना सुरू करायची तारीख आणि पन्नास टक्के पूर्ण असं भरलेलं, फोनवर ते दिसेना. टू डू मध्ये शेवटची तारीख, आठवण, टीप, महत्त्वाचं आहे की नाही एवढं कळतं. सुरुवातीची तारीख, टक्केवारी, कामाचे तास हे आउटलुकचे जुने रकाने त्या ॲपमध्ये नाहीत. तो सिंकचा दोष नाही, त्यामुळे त्यासाठी परत काही उपटू नका. ज्याची गरज आहे ते टिपेत लिहा.

आता दुसरा रस्ता, गूगलचा. तुमचा मेल गूगलवरच आहे, तर ब्राउझरमध्ये जीमेल उघडून मेलवर Add to Tasks केलं (कीबोर्ड शॉर्टकट चालू असतील तर Shift+T) की तो गूगल टास्कमध्ये जातो, फोनवर त्याच अकाउंटने गूगल टास्क ॲप घेतलं की तिथे दिसतो, आणि त्याला मूळ मेलची लिंक असते, जे वरच्या पद्धतीत मिळत नाही. ऑफिसचा मजकूर ऑफिसच्याच अकाउंटात राहतो, त्यामुळे परवानगीचा प्रश्नही येत नाही. तोटा एवढाच की आउटलुकला याचा पत्ता लागत नाही, आयमॅपने ते टास्क खाली येत नाहीत. म्हणजे मेल आउटलुकमध्ये वाचायचा आणि टास्क करायला ब्राउझरमध्ये जायचं. जो माणूस दिवसाला दोन-तीनच टास्क करतो त्याला मी हेच सांगतो. जो दिवसाला वीस करतो तो दोन दिवसांत कंटाळून सोडेल, त्याला हॉटमेलवाला रस्ता. तुम्ही यातले कुठले ते तुम्हालाच माहीत.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाचा ऑफिसचा मेलच मायक्रोसॉफ्टवर असेल तर त्यांची गोष्ट निराळी, त्यांचे टास्क आपोआप वर जातात आणि तक्रार बहुतेक झेंड्यांची असते. टू डू च्या सेटिंगमध्ये Flagged email चालू करा, पण पहिल्यांदा चालू केल्यावर मागच्या ३० दिवसांतलेच, तेही जास्तीत जास्त १०० मेल येतात, दिवाळीत लावलेला झेंडा होळीला येणार नाही. जुने हवेत तर ते ओढून टास्क करा. सगळ्यांचा मिळून एखादा शेअर्ड मेलबॉक्स असेल तर त्यातले झेंडे या यादीत धरलेच जात नाहीत. आयफोनवाल्यांनी अकाउंटच्या सेटिंगमध्ये Reminders चालू केलं तर आउटलुकचे टास्क रिमाइंडर ॲपमध्ये येतात, तिथेही फक्त टास्क, झेंडे नाहीत.

आणि आउटलुकच्या वर उजवीकडे New Outlook चं बटण दिसत असेल तर हे काम होईपर्यंत ते दाबू नका. नवीन आउटलुकमध्ये हे This computer only फोल्डर दिसत नाहीत आणि लोकांना वाटतं सगळं उडालं. चुकून दाबलंत तर परत जुन्यात या, तिथे असतील.

In Folder चा कॉलम लावल्यावर मी म्हटलंय त्यापेक्षा वेगळं काही दिसलं, म्हणजे तिसरंच नाव किंवा नुसतं Tasks, तर ते नाव जसंच्या तसं इथे लिहा, अकाउंट किंवा फाइल हलवायच्या आधी.